कॅब ड्रायव्हरला पाठवायचा पिकअप मेसेज: मोठ्या सोसायटीत गाडी नेमकी कुठे थांबवायची, हे कसं लिहावं?



व्हिडिओमध्ये आपण पन्हाळ्यावर होमस्टे चालवणाऱ्यांसाठी 'पुण्याहून पिकअपसह पॅकेज' कसं बसवायचं ते बघितलं. त्यात मी एक वाक्य घाईत बोलून गेलो, "ड्रायव्हरला पिकअपचा मेसेज नीट पाठवा." नीट म्हणजे कसा, हे तिथे सांगायचं राहिलं. ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी प्रसंग डोळ्यासमोर आणा. तुमचा होमस्टे पन्हाळ्यावर. पाहुणे पुण्यात, सिंहगड रोडवरच्या नांदेड सिटीत राहणारे. घरातले चार जण, त्यात एक आजी, त्यांना गुडघेदुखीमुळे फार चालता येत नाही. ड्रायव्हर कोल्हापूरचा. आदल्या दिवशी त्याने पुण्याला एक भाडं सोडलंय आणि नवले पुलाजवळ ओळखीच्यांकडे मुक्काम केलाय. सकाळी साडेपाचला पाहुण्यांना घेऊन निघायचं. तुम्ही दोघांना एकमेकांचे नंबर दिले, ड्रायव्हरला "नांदेड सिटी, सकाळी ५.३०" एवढा मेसेज टाकला आणि झोपलात.

सकाळी पावणेसहाला तुमचा फोन वाजतो. पाहुणे म्हणतात, "गाडी आलीच नाही." ड्रायव्हर म्हणतो, "साहेब, मी गेटवर पंधरा मिनिटं उभा आहे." दोघंही खरं बोलतायत. गाडी एका गेटवर आहे, पाहुणे दुसऱ्या ठिकाणी. आणि तुम्ही अडीचशे किलोमीटर लांब पन्हाळ्यावर बसून, कधीही न बघितलेल्या वसाहतीतला रस्ता दोघांना सांगताय.

यात चूक ड्रायव्हरचीही नाही आणि पाहुण्यांचीही नाही. मेसेज अपुरा होता, आणि तो तुम्ही लिहिला होता.

नुसतं लोकेशन का फसतं?

"लोकेशन पाठवलंय ना, मग काय अडचण?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. रस्त्यालगतच्या बंगल्यासाठी लोकेशन पुरतं. मोठ्या वसाहतीत ते तीन ठिकाणी फसतं.

पहिलं, नाव. नांदेड सिटी साधारण ७०० एकरांवर वसलेली आहे. आत वेगवेगळे गृहप्रकल्प आहेत आणि त्यांची नावं संगीतातली आहेत: आसावरी, मधुवंती, सरगम वगैरे. म्हणजे 'नांदेड सिटी' हे एका गावाएवढ्या भागाचं नाव झालं. मॅपमध्ये ते टाकलं तर खूण त्या भागात कुठेतरी पडते, पाहुण्यांच्या दारात नाही. शिवाय ड्रायव्हर बाहेरगावचा असेल तर मॅपमध्ये घाईत नुसतं 'नांदेड' टाकून मराठवाड्यातल्या नांदेडचा रस्ता लावू शकतो. ही वसाहत पुण्याजवळच्या नांदेड गावावरून ओळखली जाते, पण हे कोल्हापूरच्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

दुसरं, भिंत. मॅपला खूण कुठे आहे ते कळतं, पण मधली कंपाउंडची भिंत दर वेळी कळत नाही. खुणेला सगळ्यात जवळचा रस्ता भिंतीच्या बाहेरचा असेल, तर मॅप गाडीला मागच्या रस्त्यावर नेऊन "तुम्ही पोहोचलात" म्हणून मोकळा होतो. बिल्डिंग समोर दिसते, मध्ये भिंत, आणि गेट मात्र बरंच फिरून.

तिसरं, पाहुणे लोकेशन कुठून पाठवतात. बहुतेक जण घरात सोफ्यावर बसून पाठवतात. उंच इमारतीच्या आत मोबाईलला उपग्रहाचा सिग्नल थेट मिळत नाही, तो आजूबाजूच्या भिंतींवर आपटून येतो. त्यामुळे खूण शेजारच्या बिल्डिंगवर किंवा मागच्या रस्त्यावर जाऊन बसते. व्हॉट्सअ‍ॅपवर चालू लोकेशन पाठवताना खाली किती मीटरपर्यंत अचूक आहे तो आकडा दिसतो. तिथे १० दिसत असेल तर ठीक. ६० किंवा १०० दिसत असेल तर ते लोकेशन पिकअपच्या कामाचं नाही, एवढं पाहुण्यांना सांगून ठेवा.

आधी पाहुण्यांना चार प्रश्न

तुम्ही ती जागा बघितलेली नाही, म्हणून माहिती पाहुण्यांकडूनच काढावी लागणार. "पत्ता पाठवा" म्हटलं तर ते टपालाचा पत्ता पाठवतील. त्यात फ्लॅट नंबर आणि पिनकोड असतो, गेट नसतं. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून हे चार प्रश्न विचारा.

१. "काका, बाहेरची गाडी सकाळी साडेपाचला कोणत्या गेटने आत येते?" यातली वेळ महत्त्वाची. बऱ्याच सोसायट्यांमध्ये एखादं गेट रात्री बंद असतं, आणि एखादं फक्त रहिवाशांच्या गाड्यांसाठी असतं. पाहुणे स्वतः रोज ज्या गेटने जातात तेच ते पटकन सांगतात. ते तुमच्या गाडीला चालेलच असं नाही.

२. "गेटवर गाडीला आत सोडायला काय लागतं?" कुठे वॉचमन इंटरकॉमवरून घरी विचारतो. कुठे मायगेटसारखं अ‍ॅप असतं, त्यात पाहुण्यांनी आधीच कॅबची नोंद करायची आणि गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. तसं असेल तर गाडीचा नंबर आदल्या रात्रीच पाहुण्यांना द्या. सकाळी गाडी बदलली तर नवा नंबर कळवायला विसरू नका, नाहीतर गेटवरच अडकाल.

३. "सामान घेऊन तुम्ही नेमके कुठे उभे राहणार?" इथे 'बिल्डिंगखाली' हे उत्तर घेऊ नका. लिफ्ट बेसमेंटलाही उतरते आणि लॉबीलाही. बेसमेंटच्या तोंडाशी उंचीची मर्यादा असते, आणि कॅरियरवर बॅगा बांधलेली गाडी किंवा टेम्पो ट्रॅव्हलर तिथे जात नाही. जमिनीच्या पातळीवरची, गाडी दोन मिनिटं थांबू शकेल अशी जागा ठरवा. सोबत आजी असतील तर त्यांना पायऱ्या उतराव्या लागणार नाहीत अशी.

४. "तिथून अंधारात काय दिसतं?" दिवसा सगळ्या खुणा चालतात, पहाटे नाही. वडापावची गाडी आठला लागते, मेडिकलचं शटर खाली असतं, बागेचं नाव दिसत नाही. लाईट असलेला बिल्डिंगच्या नावाचा बोर्ड, मंदिराचा कळस, एटीएम, पाण्याची मोठी टाकी, असं काहीतरी हवं. आणि ती खूण आत एकच असली पाहिजे. 'क्लब हाऊसजवळ' म्हणालात आणि आत चार क्लब हाऊस असतील, तर ती खूण धोक्याची.

हे सगळं विचारायला पाच मिनिटं लागतात. शेवटी पाहुण्यांना एक विनंती करा: "रात्री जेवून फेरी मारायला खाली उतराल तेव्हा, उद्या जिथे उभे राहणार तिथे उघड्यावर उभं राहून मला लोकेशन पाठवा. आणि गाडी ज्या गेटने येणार त्या गेटवरून दुसरं."

अशी दोन लोकेशन मिळाली की तुमचं अर्धं काम झालं. ड्रायव्हरने मॅपला पहिल्यांदा गेटचं लोकेशन लावायचं, घराचं नाही. मॅपने गाडी गेटवर आणली की भिंतीचा प्रश्न संपला. आतला रस्ता तुमच्या मेसेजवर.

आता मेसेज

उत्तरं मिळाली असं धरू. खालची बिल्डिंग, खूण आणि वळणं उदाहरणापुरती घेतलीत, तुमच्या पाहुण्यांची खरी माहिती तिथे टाकायची.

बहुतेक जण असा मेसेज टाकतात:

> दादा उद्या सकाळी 5.30 ला नांदेड सिटी पुणे, बी 3, फ्लॅट 904, गेटमधून आत आल्यावर लेफ्ट मारून पुढे राईट मग गार्डनच्या इथे थोडं पुढे बिल्डिंग आहे, तिथे आल्यावर कॉल करा

यात गेट कोणतं ते नाही. 'थोडं पुढे' म्हणजे किती, कळत नाही. बाग आत एकच आहे का, माहीत नाही. गाडी कुठे थांबवायची ते नाही. आणि सगळं एका दमात लिहिल्यामुळे ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं, तेही स्टिअरिंगवर हात असताना.

आता हा बघा:

> दादा, उद्याचं पिकअप
>
> वेळ: पहाटे ५.३० (गेटवर ५.२० ला पोहोचा)
>
> १. कुठे: नांदेड सिटी, सिंहगड रोड, पुणे. नवले पुलाकडून वडगाव पुलाला येऊन सिंहगड रोडने खडकवासल्याच्या दिशेने, नांदेड फाटा.
>
> २. गेट: मुख्य गेट. गेटचं लोकेशन खाली पाठवलंय, मॅपला तेच लावा. मागचं गेट पहाटे बंद असतं.
>
> ३. गेटवर सांगायचं: "आसावरी, बी ३, फ्लॅट ९०४, कोल्हापूरची कॅब." गाडीची नोंद पाहुण्यांनी केलीय.
>
> ४. आत: गेटमधून सरळ, पहिल्या सर्कलला डावीकडे. उजव्या हाताला मंदिर दिसेल. मंदिरानंतरची दुसरी बिल्डिंग बी ३ (बी बदकाचा).
>
> ५. थांबायचं: बी ३ च्या लॉबीसमोर, रस्त्यावरच. बेसमेंटमध्ये उतरू नका. आजी आहेत, पुढचं सीट त्यांना.
>
> पेट्रोल पंप किंवा शाळा लागली तर पुढे आलात. मागे वळा.
>
> पाहुण्यांचा नंबर खाली आहे. नाही लागला तर मला.

थोडा लांब आहे, मान्य. पण ड्रायव्हरला तो एकदम वाचायचा नाहीये. प्रत्येक ओळ त्याला एकेका ठिकाणी लागते, आणि ओळींचा क्रम त्याच्या प्रवासाचाच आहे: आधी शहरातला रस्ता, मग गेट, मग वॉचमन, मग आतलं वळण, मग थांबा. आपण पत्ता घरापासून सुरू करतो, फ्लॅट, बिल्डिंग, मग वसाहत. ड्रायव्हर बाहेरून आत येतो. त्याच्यासाठी पत्ता उलटा लिहायचा.

यातल्या काही गोष्टींकडे लक्ष द्या.

*डावं-उजवं कधी लिहायचं?* ड्रायव्हर कुठून येणार हे पक्कं असेल तेव्हाच. गेटच्या आत सगळे एकाच बाजूने येतात, म्हणून तिथे 'डावीकडे' चालतं. बाहेर मात्र मी 'खडकवासल्याच्या दिशेने' लिहिलंय. तो स्वारगेटहून आला किंवा कात्रजहून आला, तरी दिशा बदलत नाही.

*फ्लॅट नंबर कशाला?* ड्रायव्हरला नववा मजला चढायचा नाही. पण वॉचमन तोच विचारतो. म्हणून तो पत्त्यात न लिहिता 'गेटवर सांगायचं' या ओळीत लिहिलाय, जसा बोलायचा तसाच.

*'बी बदकाचा' कशाला?* फोनवर बी आणि डी सारखे ऐकू येतात. 'बी बदकाचा, डी डमरूचा' म्हटलं की घोळ होत नाही. बी ३ ऐवजी डी ३ खाली उभी असलेली गाडी शोधायला लागणारा वेळ याच एका अक्षरामुळे जातो.

*'पुढे आलात' ही ओळ.* ही ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी हीच. वाट चुकलेल्या माणसाला आपण चुकलोय हे लगेच कळत नाही. तो "येईल पुढे" म्हणून जातच राहतो. चुकल्यावर काय दिसेल हे आधी सांगितलं की तो तिथूनच वळतो, तुम्हाला फोनही करत नाही.

कधी पाठवायचा आणि खात्री कशी करायची

हा मेसेज आदल्या रात्री नऊच्या आत गेला पाहिजे, ड्रायव्हर जेवून निवांत असतो तेव्हा. पहाटे पाच वाजता तो गाडी चालवत असतो. चालत्या गाडीत त्याने मेसेज वाचावा अशी आपली इच्छाही नको.

निळी टिक दिसली म्हणजे वाचला, असं धरू नका. फोन करून एकच प्रश्न विचारा: "दादा, उद्या गेटमधून आत गेल्यावर कसे जाणार?" तो म्हणाला, "सर्कलला डावीकडे, मंदिराच्या पुढची दुसरी," तर मेसेज पोहोचला. "बघतो की, येईल मॅपवर," म्हणाला तर पोहोचलेला नाही. काही ड्रायव्हर वाचण्यापेक्षा ऐकणं पसंत करतात. त्यांना तोच मेसेज त्याच क्रमाने व्हॉइस नोटमध्ये पाठवा, पण लेखी मेसेजही राहू द्या. नंबर आणि नावं ऐकून लक्षात राहत नाहीत.

मेसेज त्या ड्रायव्हरच्या वैयक्तिक नंबरवरच टाका. पाहुण्यांचा फ्लॅट नंबर, फोन नंबर आणि गेटचा कोड चालकांच्या ग्रुपमध्ये टाकायचा नाही. अमुक घर चार दिवस बंद असणार, ही बातमी आपण गावभर करायची नसते.

तरीही चुकामूक झाली तर

तेव्हा एक नियम: पाहुण्यांनी हलायचं नाही, गाडीने हलायचं. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की दोघांच्याही खुणा बदलतात, आणि आजींना सामानासकट दुसऱ्या गेटवर चालत जावं लागतं. हे पाहुण्यांना आदल्या दिवशीच सांगा: "गाडी दिसली नाही तरी जागा सोडू नका, मला फोन करा."

ड्रायव्हरचा फोन आला तर "कुठे आहात?" असं विचारू नका. तो "गेटवर" म्हणेल. विचारा, "समोरच्या बोर्डावर काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा." बोर्डावर 'मधुवंती' असेल तर तो दुसऱ्याच प्रकल्पाच्या गेटवर आहे, हे तुम्हाला पन्हाळ्यावर बसून कळतं. तेही जमलं नाही तर ड्रायव्हरला पाहुण्यांकडे लाइव्ह लोकेशन सुरू करायला सांगा. ती वसाहत पाहुण्यांना माहीत आहे, त्यांना गाडी कुठे आहे दिसली की ते बरोबर रस्ता सांगतात. आपण उलटं करतो, पाहुण्यांचं लोकेशन ड्रायव्हरला देतो, आणि तो भिंतीबाहेरून त्याकडे बघत बसतो.

हेच आपल्या दारातही

हाच मेसेज तुमच्या होमस्टेलाही लागणार आहे, दुसऱ्या टोकाला. पन्हाळा म्हणजे तरी काय? एक नाव, भोवती तटबंदी आणि ठरलेले दरवाजे. पुण्याचा एखादा ड्रायव्हर मॅपमध्ये 'पन्हाळा किल्ला' टाकून येतो आणि खूण भलतीकडेच पडते. तुम्ही त्याला 'तीन दरवाज्याजवळ' सांगितलं, तर गाडी चार दरवाज्याच्या बाजूने वर येते हे त्याला माहीत नसतं.

म्हणून त्याच क्रमाने लिहा. रत्नागिरी रोडने वाघबीळ, तिथून पन्हाळ्याचा फाटा. मग घाट चढून प्रवेशाचा नाका. मग बाजीप्रभूंचा पुतळा. मग तुमच्या दारापर्यंतची वळणं, गाडी कुठे लावायची, आणि "अमुक दिसलं तर पुढे आलात." पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा बोर्ड दिसत नाही. त्या दिवसांसाठी धुक्यातही दिसेल अशी खूण द्या, म्हणजे रस्त्याला लागून असलेली, हात लावता येईल इतकी जवळची. लांबचा बुरूज नको.

हा मेसेज एकदाच लिहून ठेवायचा आणि दर पाहुण्याला पाठवायचा. दर तीन महिन्यांनी एकदा स्वतः गाडीने त्या रस्त्याने येऊन तो ओळीओळीने तपासायचा. बोर्ड बदलतात, दुकानं बंद होतात, रस्ते खोदले जातात.

आजचं काम

पुढच्या बुकिंगची वाट बघू नका. खालचा साचा फोनमध्ये सेव्ह करा आणि स्वतःच्या घराचा किंवा दुकानाचा मेसेज यात बसवा:

> वेळ:
>
> १. कुठे (कोणत्या दिशेने):
>
> २. गेट (कोणतं नको तेही):
>
> ३. गेटवर काय सांगायचं:
>
> ४. आतली वळणं आणि एक खूण:
>
> ५. कुठे थांबायचं:
>
> काय दिसलं तर पुढे आलात:
>
> फोन:

मग तो अशा माणसाला पाठवा, जो तुमच्याकडे कधीच आलेला नाही. त्याला या म्हणावं, पण वाटेत फोन करायचा नाही. जिथे तो अडकेल, ती ओळ दुरुस्त करा.

पुढच्या व्हिडिओत भेटू. त्यात ड्रायव्हरचा वेटिंग चार्ज पाहुण्यांना आधीच कसा सांगायचा, ते बघू.